खोली नंबर २०४

डिसेंबरातली काशी-प्रयाग-अयोध्या टूर. माझ्याबरोबर ३२ माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, आणि १७ खोल्या. बनारसला हॉटेलवर पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले. सगळ्यांना सरळ जेवायला बसवलं आणि चाव्यांचा जुडगा घेऊन मी वर गेलो. हे मी गेली काही वर्षं करतोय. एकदा एका टूरहून एक जोडपं घरी ढेकूण घेऊन गेलं होतं. तीनदा पेस्ट कंट्रोल झालं, शेवटी दिवाण फेकावा लागला, आणि त्यांचे फोन मला सहा महिने येत होते. तेव्हापासून मंडळी खाली वरण-भात खातात आणि मी वर गाद्या उचलतो.

एका खोलीला तीन मिनिटं लागतात. उशीकडच्या बाजूची चादर कोपऱ्यातून वर करायची आणि गादीच्या कडेने शिवलेली पायपिंग बोटांनी उलगडत जायची. मोबाइलचा टॉर्च वरून मारला तर काही दिसत नाही. गादीला जवळजवळ टेकवून तिरका धरला की बारीकसारीक गोष्टीचीही सावली पडते. मग पलंगाच्या डोक्याकडची फळी. ती बहुतेक ठिकाणी भिंतीलाच ठोकलेली असते, त्यामुळे फळी आणि भिंत यांच्या फटीत जुनं एटीएम कार्ड घालून ओढायचं. ढेकूण झोपणाऱ्याच्या श्वासाच्या आणि उबेच्या मागावर येतो, म्हणून त्याचा मुक्काम उशीच्या हाताभर आसपास असतो. पायाकडची बाजू मी वेळ उरला तरच बघतो.

दहा खोल्या साफ निघाल्या. साफ म्हणजे तीन मिनिटांत काही सापडलं नाही, एवढंच. एखादा कुठे दडून असेल तर तो मला दिसणार नाही.

२०४ सगळ्यात चकचकीत होती. पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर टॉवेलचा हंस, खोलीत मोगऱ्याचा स्प्रे. पायपिंग उलगडली तर आत काळे ठिपके, बॉलपेनचं टोक टेकवून शाई कापडात मुरावी तसे. सात-आठ एका जागी, मग वीतभर काही नाही, मग पुन्हा चार. मॅनेजर वर आला आणि म्हणाला, "सर, सीलन है." मी ओला टिश्यू एका ठिपक्यावर दाबून धरला. ठिपका विरघळला आणि टिश्यूवर कातासारखा तांबूस डाग पसरला. पचलेलं रक्त असं पसरतं. गादीची धूळ किंवा बुरशी असा रंग देत नाही.

मग कार्ड फटीतून ओढलं. आधी दोन-तीन कोरड्या, पिवळट साली पडल्या. पिल्लू मोठं होताना पाच वेळा कात टाकतं, त्या. मागोमाग एक जिवंत, अख्ख्या मसुराएवढा, तसाच तांबूस आणि चपटा. चपटा म्हणजे उपाशी. रक्त प्यायल्यावर तो लांबट आणि फुगीर होतो.

"चादर तो आज ही बदली है," मॅनेजर म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. पण चादर रोज बदलते, फळी वर्षानुवर्षं तीच असते. मागच्या पाहुण्याच्या बॅगेतून एक भरलेली मादी आली तरी पुरते. त्याचा पोऱ्या धावत स्प्रेचा डबा घेऊन आला, त्याला मी दारातच थांबवलं. फवारा ज्यांच्यावर थेट पडेल ते मरतात (तेही नेहमी नाही, यांना ती औषधं सवयीची झाली आहेत), बाकीचे स्विचबोर्डाच्या भोकातून शेजारी सरकतात.

मॅनेजरने २०५ ची चावी पुढे केली. हीच चूक लोक हमखास करतात. दोन्ही खोल्यांचे पलंग एकाच भिंतीला पाठ लावून होते. २०५ च्या फळीमागेही मला पाच ठिपके मिळाले. मग डावी-उजवी, वरची-खालची अशा सगळ्याच नाकारून चौथ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली तपासून घेतली.

पण एक घोटाळा झाला होता. २०४ मधल्या दोन काकूंच्या बॅगा पोरांनी आधीच वर आणल्या होत्या आणि त्यांतली एक वीस-पंचवीस मिनिटं पलंगावरच होती. बॅगा मी बाथरूममध्ये नेल्या. पांढरी फरशी, वर ट्यूबलाइट. तिथे काही हललं तर लगेच दिसतं. चेनच्या कडा, हँडलची खाच, चाकांच्या वाट्या, सगळीकडे कार्ड फिरवलं. काही निघालं नाही. तरी अंडं मिलिमीटरभराचं, पांढरं आणि चिकटलेलं असतं, ते नजरेतून सुटू शकतं. म्हणून दोन्ही बॅगा कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्यांत घालून तोंडं घट्ट बांधली.

थोरल्या काकू म्हणाल्या, "एवढं काय रे? आम्ही बाजेवर उकळतं पाणी ओतायचो आणि उन्हात आपटायचो."

"काकू, पाणी ओता, त्याने मरतात. पण डिसेंबरातल्या उन्हात बॅगेच्या पोटातले कपडे कोमटसुद्धा होत नाहीत. घरी गेलात की बेडरूममध्ये नेऊ नका. बाहेरच उघडा, कपडे थेट साठ डिग्रीच्या पाण्यात, आणि रिकामी बॅग बाहेरच राहू दे."

सगळ्यांना खोल्यांत पोचवून मी दीड वाजता स्टाफच्या खोलीत गेलो. स्वयंपाकघरामागे दोन खाटा, एकीवर आमच्या बसचा ड्रायव्हर घोरत होता. त्याची झोप मोडायला नको म्हणून दिवा लावला नाही. बॅग उघडीच खाटेखाली सरकवली. तिच्यात तीन दिवसांचे घामट कपडे होते. वापरलेल्या कपड्यांच्या वासाकडे ढेकूण ओढले जातात, हे इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या लोकांनी २०१७ मध्ये प्रयोगाने दाखवलंय, आणि हे मी प्रवाशांना बसमध्ये माइकवरून सांगतो.

पुण्याला परतल्यावर सवयीप्रमाणे बॅग आधी बाथरूममध्ये ठेवली. शर्ट काढतोय तोच डाव्या चाकाखालून एक बाहेर आला आणि फरशीवरून निवांत चालू लागला. लांबट, फुगलेला. सेलोटेपने उचलला. माझ्या अंगावर एक गांधी नव्हती. काही जणांना उठतच नाहीत. त्या रात्री बायकोने इस्त्रीची वाफ शिवणीशिवणीवरून हळूहळू फिरवली आणि कपडे सगळे मशीनमध्ये गेले.

मग ड्रायव्हरला फोन केला.

"वहाँ? वहाँ तो हर बार काटते हैं, साहब," तो म्हणाला. "बोलें किसको?"

मी विचारलं, तुझं अंथरूण कुठे असतं? दिवसा बसच्या डिकीत, तो म्हणाला. पाहुण्यांच्या बॅगांवर. धूळ लागू नये म्हणून.

बनारसनंतर प्रयाग आणि अयोध्या झाली होती. दोन दिवस, ३२ जणांच्या बॅगा, त्याच डिकीत. १७ खोल्या मी पालथ्या घातल्या आणि अठरावीत दिवाही लावला नव्हता. ड्रायव्हरला अंथरूण उकळायला सांगितलं आणि यादी घेऊन बसलो. पहिला फोन थोरल्या काकूंना.

"अरे, मी कुठे उघडलीये अजून," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या काळ्या पिशवीत गच्चीवर आहे. सून म्हणते, आत आणायची नाही."

उरलेल्या तीस जणांच्या बॅगा पलंगावर उघडून झाल्या होत्या.