पट्टी सोडणारा हात

फोंड्याजवळच्या उच्च माध्यमिकात मी अकरावीला मानसशास्त्र शिकवते. जुलैत प्रतिक्रियाकाल मोजायचा फूटपट्टीचा प्रयोग घेतला, त्यातल्या एका जोडीचं जर्नल अजून माझ्या टेबलावर आहे. गुण द्यायचे राहिलेत.

प्रयोग साधा. एकाने पट्टी उभी धरायची, दुसऱ्याने खाली अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची, पट्टी सुटली की पकडायची. किती सेंटिमीटर घसरली त्यावरून t = √(2d/g) ने वेळ निघतो. शून्याची रेघ बोटांच्या पातळीत हवी, पट्टीची कड नव्हे. प्लास्टिकच्या पट्टीत कड आणि शून्य यांच्यात थोडी जागा असते आणि निम्मा वर्ग तिथेच चुकतो. पावसात बोटं दमट होतात, पकडल्यावरही पट्टी सरकते, म्हणून मी दर प्रयत्नाआधी हात पुसायला लावते. पट्टी हातून निसटली तर प्रयत्न गाळायचा नाही, ‘३० पेक्षा जास्त’ असं लिहायचं. अशा चुका बहुतेक सुरुवातीलाच होतात. त्या गाळल्या तर सुरुवातीचे आकडे आहेत त्यापेक्षा चांगले दिसतात.

या जोडीत मुलगी पट्टी सोडत होती, मुलगा पकडत होता. वीस प्रयत्न झाले. पहिले पाच २४, २२, २१, १९, २०. शेवटचे पाच १३, १२, १४, ११, १२. सरासरी २१.२ वरून १२.४ सेंटिमीटर, म्हणजे ०.२०८ सेकंदांवरून ०.१५९. आलेख सुरेख उतरत होता. मुलाने जर्नलमधलं छापील वाक्य खाली उतरवलं होतं: सरावाने प्रतिक्रियाकाल कमी होतो. प्रयोगाआधीच निष्कर्ष छापून देणाऱ्या त्या जर्नलचा मला मनापासून राग आहे. मुलं मग त्या वाक्यापर्यंत पोचायलाच पट्टी टाकतात.

वीस प्रयत्नांत जवळजवळ पन्नास मिलिसेकंद सुधारणा मला पटेना. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “टीचर, तो आदींच धरता!” पट्टी सुटायच्या आधीच त्याची बोटं मिटायला लागतात, असं तिचं म्हणणं. मी जोडीच्या बाजूला खाली बसून पाहिलं. सोडणारी मुलगी ‘तयार’ म्हणायची, दर वेळी साधारण तेवढंच थांबायची, आणि सोडण्याच्या क्षणभर आधी तिचं मनगट किंचित वर उचललं जायचं. मुलगा पट्टीकडे बघतच नव्हता. त्याची नजर तिच्या मनगटावर होती आणि ते त्याच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

मी सोडणारी बदलली. पुढचे पाच: २०, १९, २१, १८, २०. सरासरी १९.६, बरोबर ०.२० सेकंद. पंधरा मिनिटांत कमावलेली बहुतेक सुधारणा दुसरा हात आला तशी गेली.

मग रचनाच बदलली. एक ते पाच सेकंदांच्या चिठ्ठ्या कंपासपेटीत टाकल्या. प्रत्येक प्रयत्नाआधी सोडणारीने गुपचूप एक काढायची आणि तेवढं थांबायचं. हातापुढे वहीचा पुठ्ठा, पकडणाऱ्याला फक्त पट्टीचा खालचा भाग दिसेल असा. अधूनमधून पट्टी सोडायचीच नाही. तेव्हा बोटं मिटली, तर तो अंदाज धरतोय हे कळतं. पकडायला मात्र अशी मुलगी घेतली, जिने त्या दिवशी पट्टीला हात लावला नव्हता. मुलाच्या अंगात आता जुना सराव होता, त्याच्याकडून नवी सुरुवात मिळाली नसती.

तिचे पहिले पाच २५, २३, २१, २०, २०. शेवटचे पाच १९, २०, १८, २०, १९. म्हणजे ०.२११ वरून ०.१९८. सुधारणा पहिल्या तीनचार प्रयत्नांतच झाली, पुढे रेघ सपाट. वीस सेंटिमीटरच्या आसपास एका सेंटिमीटरचा फरक साधारण पाच मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तेरा मिलिसेकंद हे अडीचतीन सेंटिमीटरच झाले. त्यातही बोटं किती उघडी ठेवायची हे अंगवळणी पडण्याचा वाटा असणारच. शिवाय ही एकच मुलगी.

मुलगा हिरमुसला. म्हणाला, “टीचर, पण मी शिकलो ना काहीतरी?” शिकला होताच. दुसऱ्याचं मनगट वाचायला शिकला, तोही सरावच. फक्त पट्टी सुटलेली दिसल्यापासून बोटं मिटेपर्यंतचा जो वेळ आम्ही मोजायला निघालो होतो, तो त्या आकड्यांत उरला नव्हता. हे त्याला सांगताना मला माझीच चूक दिसत होती. थांबायचा वेळ बदलता ठेवायचा, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायला हवं होतं.

जर्नलमध्ये त्याने जुना आलेख खोडला नाही, मीही खोडायला सांगितलं नाही. त्याच आलेखकागदावर सोडणारी बदलल्यानंतरचे पाच ठिपके लाल शाईने आले, आणि छापील वाक्यावर काट मारून त्याने चर्चेत लिहिलं, “सुधारणा माझ्या हातात होती की तिच्या हातात, हे पहिल्या रचनेवरून सांगता येत नाही.”

पुढच्या आठवड्यात दुसरी तुकडी आहे. चिठ्ठ्या टाकून मुलं वाटायची, निम्मी पुठ्ठ्यासह, निम्मी पुठ्ठ्याशिवाय, सोडणारी एकच. एकाच मुलाला दोन्ही प्रकार द्यायचे नाहीत, कारण एकदा मनगट वाचता आलं की ते विसरायला लावता येत नाही.