थ्रीडीत फॅन लपवला होता

विश्रामबागेतल्या एका फ्लॅटमध्ये मुलांच्या खोलीचं काम होतं. 10 बाय 11 फुटांची खोली, नऊ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. वहिनींनी सांगितलं होतं, "बंक बेड पाहिजे, अभ्यासाचं टेबल पाहिजे, टोकं कुठंच नकोत. आणि रंग असे द्या की खोली हसरी वाटेल, पण पोरं झोपतील."

सांगलीत थ्रीडी व्ह्यू काढायचं काम मी सहा वर्षं करतेय. दोन रात्रींत व्ह्यू तयार केला. सगळ्यांना आवडला. मिस्त्रींना मोबाइलवर दाखवला तर त्यांनी झूम केला, परत लहान केला आणि विचारलं, "ताई, फॅन कुठाय?"

फॅनची लेअर मीच बंद केली होती. छत मोकळं दिसावं म्हणून बरेच जण करतात. कॅमेऱ्याची लेन्सही 18 एमएमवर, म्हणजे खूप रुंद दिसेल अशी ठेवली होती, त्यामुळे खोली हॉलएवढी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी साइटवर मापं घेतली. फरशीपासून स्लॅब 114 इंच. फॅनची पाती जमिनीपासून 101 इंचांवर. वरच्या बेडचा प्लाय मी 60 इंचांवर धरला होता, त्यावर 4 इंचांची गादी, म्हणजे बसायची जागा 64 इंचांवर. मिस्त्रींनी पोराला भिंतीला टेकून जमिनीवर बसवलं, हात वर करायला लावला आणि बोटांच्या टोकाशी पेन्सिलनं रेघ मारली. 43 इंच. चौसष्ट अधिक त्रेचाळीस, एकशे सात. पाती 101 वर! म्हणजे उभं राहायचीही गरज नव्हती, झोपेतून उठून आळस दिला तरी हात पात्यांच्या उंचीच्या वर.

तरी मला वाटलं, फॅन मधोमध आहे, बेड भिंतीला आहे. पण 10 फुटांची भिंत म्हणजे मध्य 60 इंचांवर, 48 इंची फॅनची पाती मध्यापासून 24 इंच, म्हणजे पात्यांचं टोक भिंतीपासून 36 इंचांवर. बेडची रुंदीही 36 इंच. बेडची कड आणि पात्याचं टोक एका रेषेत. 36 इंची छोटा फॅन लावला तरी मध्ये जेमतेम 6 इंच सुटत होते. हुक स्लॅबमधलं, ते सरकवणं नको होतं. शेवटी छताचा फॅन काढायचा ठरवला आणि दोन भिंतीवरचे फॅन घेतले: एक बेडसमोरच्या भिंतीवर, एक टेबलाशेजारी. सांगलीच्या एप्रिलमध्ये खालच्या बेडवर वारा पोचतोय का, हे मात्र मी व्ह्यूत दाखवू शकत नव्हते.

वरच्या बेडच्या कठड्यातही मी अशीच गंडले होते. प्लायपासून 10 इंच उंच काढला होता. 4 इंची गादीवर 6 इंच उरतात. पण घरात जुनी 6 इंची गादी होती, ती वापरायची म्हटलं की उरले 4. गादीच्या वर निदान 5 इंच तरी कठडा हवा. गादी 4 इंचीच घ्यायची असं ड्रॉइंगवर लिहिलं. धाकटी पाचची असल्यानं ती खालीच; सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवत नाहीत.

मग गोलाईचा मुद्दा. सॉफ्टवेअरमध्ये कड निवडायची, आकडा टाकायचा, की टेबलाचा कोपरा साबणाच्या वडीसारखा होतो. मिस्त्री म्हणाले, "सनमायका एका बाजूला वाकतो, दोन्हीकडं नाही." खरंय. वरून बघताना कोपरा 2 इंचांच्या त्रिज्येनं गोल कापता येतो, पट्टी त्याच्याभोवती फिरते. पण तोच कोपरा वरून खालीही गोल हवा असेल तर सनमायका फाटतो किंवा वर येतो. म्हणून टेबल आणि शिडीच्या पायऱ्यांना सागवानी पट्टी लावून ती राउटरनं गोल करायची ठरली. प्लाय 19 एमएमचा, त्यामुळे वर-खाली मिळणारी गोलाई 9 एमएमच्या आसपास. मी तेवढीच परत काढली. कोपरे आधीपेक्षा साधे दिसले, पण हात फिरवला तर टोचणार नाहीत.

रंगात मात्र व्ह्यूनं मला वाचवलं. वहिनींना एक भिंत हळदीसारखी पिवळी हवी होती. हळदीच्या गावात नाही कसं म्हणायचं! लावून रेंडर काढला तर खिडकीचं ऊन त्या भिंतीवरून परतून पांढरं छत, पांढरा बेड, सगळंच पिवळसर झालेलं. ही रेंडरची चूक नव्हती, प्रत्यक्षातही तसंच होतं. मग भिंती फिकट पिस्त्याच्या केल्या आणि हळदी रंग फक्त पुस्तकांच्या कप्प्यांच्या आत घातला.

नवा व्ह्यू 28 एमएमवर, दोन्ही फॅन दाखवून पाठवला. मिस्त्रींनी "आता बरोबर" एवढंच कळवलं. वहिनींचा रात्री फोन आला.

"छान झालाय हो. फक्त स्टेटसला ठेवायला फॅन काढून एक पाठवाल का?"

पाठवला.