मानेतला गॅप

सोलापुरात कुणाची मान दुखू लागली की त्याच्या मणक्यात गॅप पडतो. नवी पेठेत राहणाऱ्या माझ्या आत्याने तर फोनवर दुखण्याचे वर्णन पुरते ऐकून घेण्याआधीच हे निदान करून टाकले होते. त्यामुळे एक्स-रेच्या अहवालात 'मानेची कमान सरळ झालेली, पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधील जागा कमी झालेली' असे वाचल्यावर मला आधी भीती नव्हे, गंमत वाटली. जो गॅप पडतो म्हणतात, तो माझ्या मानेत उलट बुजत चालला होता.

माझे वय ४४. एका कार्यालयात मी हिशेब पाहतो, म्हणजे दिवसभर संगणकाच्या पडद्याकडे मान पुढे काढून आणि व्हाउचरांकडे ती खाली घालून बसतो. एक्स-रेच्या खोलीत मात्र मला उभे केले गेले. डावा खांदा भिंतीवरच्या पाटीला टेकवलेला, यंत्र सुमारे सहा फूट दूर आणि तंत्रज्ञाची सूचना अशी, की दोन्ही खांदे होतील तेवढे खाली सोडा. खांदे वर राहिले की सातवा मणका त्यांच्या सावलीत लपतो आणि नेमके पाहायचे तेच दिसत नाही, असे त्याने सांगितले.

बाजूने पाहिल्यास मानेचे सात मणके पुढच्या अंगाला किंचित फुगीर अशा मंद कमानीत उभे असतात. माझ्या फिल्मवर ते पट्टी धरून रेघ ओढावी तसे एकाखाली एक होते. हाडांच्या डॉक्टरांनी मात्र या सरळपणाला फारसा भाव दिला नाही. दुखण्याने स्नायू आखडले की कमान सरळ होते, फिल्म काढताना हनुवटी थोडी खाली गेली तरी होते, आणि ज्यांची मान कधीच दुखलेली नाही अशा पुष्कळ लोकांतही ती तशीच आढळते. मग मला वाटले, हा कदाचित त्या दिवसाचा, त्या क्षणाचाच सरळपणा असेल.

कमी झालेल्या जागेचे तसे नव्हते. दोन मणक्यांमधली जी काळी फट आपल्याला रिकामी वाटते, ती रिकामी नसतेच. तिथे चकती असते, पण ती मऊ असल्याने एक्स-रेवर उमटत नाही. वरच्या आणि खालच्या हाडांतले अंतर पाहून तिच्या जाडीचा अंदाज बांधायचा. चकतीचा मोठा भाग पाणीच असतो, वयाबरोबर ते कमी होते, चकती बसते आणि हाडे जवळ येतात. हे बहुधा पाचव्या-सहाव्या मणक्यांत आधी घडते. माझ्या त्या मणक्यांच्या कडांवर हाडाच्या बारीक चोचीही वाढल्या होत्या, आणि असली चोच एका रात्रीत वाढत नाही. म्हणजे अहवालातले एक वाक्य कदाचित कालपरवाचे होते आणि दुसरे पुष्कळ वर्षांचे, पण टाइप केलेल्या कागदावर दोन्ही शेजारीशेजारी, सारख्याच वजनाने बसली होती.

यानंतर डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली, कारण नस दबली आहे की नाही हे तिच्यावर दिसत नाही. त्यांनी अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला स्पर्श करून तो नीट कळतो का, हे विचारले. कोपर ताठ करताना हाताला विरोध करून जोर पाहिला, छोट्या हातोडीने ठोकून पाहिले आणि एका पावलापुढे दुसरे पाऊल लावत चालायला सांगितले. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात का, लघवीवरचा ताबा सुटतो का, हेही विचारले. यांतले काही असते तर मज्जारज्जू दबल्याची शंका घेऊन लगेच एमआरआय करावा लागला असता. माझे सगळे ठीक निघाले. दुखणे मानेपासून उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंतच होते आणि एमआरआयची गरज नव्हती.

आत्याने यजमानांचा जुना मानेचा पट्टा पाठवला होता, तो मात्र परत गेला, कारण फार दिवस वापरला तर स्नायूच दुबळे होतात. त्याऐवजी संगणकाखाली जुन्या लेजरांचे दोन जाडजूड खंड आले, आणि रोज तळहात कपाळाला लावून मान न हलवता पाच-सहा सेकंद दाबून धरण्याचा व्यायाम. कपाळ झाले की दोन्ही बाजू आणि मग डोक्याची मागची बाजू.

तीन महिन्यांनी दुखणे बरेच ओसरले. मी मोठ्या उत्साहाने नवा एक्स-रे काढू का असे विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कशाला? जागा तेवढीच दिसेल." संध्याकाळी आत्याचा फोन आला, "काय रे, गॅप भरला का?" मी नाही म्हणालो, आणि मग तिला सांगितले, की आज कार्यालयाच्या वाहनतळातून स्कूटर मागे घेताना, आरशाऐवजी मान वळवून पाहिले.