पाचव्या आठवड्यातला शुक्रवार

नवशिक्यांना नऊ आठवड्यांत सलग तीस मिनिटं पळायला शिकवणारा जो तक्ता जगभर चालतो, तो जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ साली तयार केला. डोळ्यांसमोर होती पन्नाशीतली आई. त्यामुळे सुरुवात अगदी सोसवेल अशी आहे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये विश्रांतीचा दिवस, आधी पाच मिनिटं भरभर चालणं. मग साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं.

आमच्या शेजारच्या वहिनी शिवाजी पार्कात हा तक्ता पाळतात. चार आठवडे निवांत गेले. पाचव्यात त्या अडखळल्या, आणि तिथे बरेचजण अडखळतात. सोमवारी पाच मिनिटं पळणं तीनदा, मध्ये तीन-तीन मिनिटं चाल. बुधवारी आठ मिनिटं पळणं, पाच चाल, पुन्हा आठ. आणि शुक्रवारी? सलग वीस! "छापताना चुकलंय हो हे," वहिनी म्हणाल्या.

चुकलेलं नाही. पळण्याची बेरीज केली तर सोमवारी पंधरा, बुधवारी सोळा, शुक्रवारी वीस. पायांवर फक्त चार मिनिटं वाढतात. जाते ती मधली चाल. बुधवारी जो धापा टाकत आठ मिनिटं काढतो, त्याला ती चाल वाचवते. शुक्रवारी वाचवणारं कोणी नाही, म्हणून वेग उघडा पडतो. पळता पळता एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे.

"इतकं हळू पळायचं तर चाललेलं काय वाईट?" वहिनींचा रास्त प्रश्न. कट्ट्याकडेने झपाझप चालणारे आजोबा त्यांना मागे टाकून जात होते. जाऊ द्यावं. तरीही वीस मिनिटं जमली नाहीत तर दहानंतर एक मिनिट चालावं आणि तोच आठवडा पुन्हा करावा.

दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात. म्हणून हुरूप आला तरी चौथा दिवस जोडू नये, हे मला तक्त्यातलं सगळ्यात शहाणं कलम वाटतं. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखत असेल तर काही दिवस पळणं थांबवावं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाडच दुखत असेल, साधं चालतानाही ठणकत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. तिथे बारीक तडा असू शकतो.

वहिनींचा शुक्रवार पार पडला. सहाव्या आठवड्याचा सोमवार उघडला, तर पाच, आठ, पाच आणि मध्ये पुन्हा चाल. "आता परत खालच्या वर्गात बसवलं की काय?" त्या भडकल्या. मी म्हटलं, शुक्रवारी पंचवीस आहेत.