साक्रीचा सोलर प्लांट, पाच अंश आणि १८०० रुपयांची जीप

आधी रस्त्याचं सांगतो. प्लांटवाल्यांनी फोनवर सांगितलेलं की धुळे-सुरत हायवे सोडला की सहा किलोमीटर, गाडी थेट गेटपर्यंत येते. साफ खोटं. शेवटचे अडीच किलोमीटर म्हणजे माळावर टाकलेले दगडगोटे, माझी कार पहिल्याच चढाला खाली घासली, मग साक्रीहून जीप मागवली तर भाऊने जाऊन-येऊन १८०० घेतले. दुसऱ्या दिवशी कळलं की गावातले लोक ७०० देतात. भाव आधी ठरवा, आणि पायरॅनोमीटर, म्हणजे ऊन मोजायचं नाजूक यंत्र, डिकीत टाकू नका, मांडीवर धरून बसा. मी धरला, कंबर अजून दुखतेय.

काम असं, ५ मेगावॅटचा प्लांट, कंत्राटदाराने पीआर ७८ टक्के मिळेल अशी हमी दिलेली आणि डिसेंबरच्या टेस्टमध्ये ८० टक्के दाखवला. मालक खूश, पण बिलाचे युनिट बघून त्याला कुठेतरी खटकत होतं. पीआर म्हणजे पडलेल्या उन्हाच्या हिशोबाने जेवढी वीज यायला हवी होती त्यातली किती आली. त्यामुळे मीटरमधली वीज बरोबर असली तरी ऊन कमी मोजलं की पीआर आपोआप वाढतो. म्हणून मी इन्व्हर्टरच्या खोलीत गेलोच नाही, सरळ ऊन मोजणारे सेन्सर बसवलेल्या हवामानाच्या खांबाकडे.

तिथला पोरगा म्हणाला, "सर, बबल एकदम मध्ये आहे, बघा." म्हणजे यंत्र सपाट आहे की नाही ते दाखवणारा पाणसळीचा बुडबुडा. बघितला, खरंच मध्ये होता. पण तो आडव्या पायरॅनोमीटरचा बबल! पीआरला लागतो तो पॅनलच्याच उतारावर बसवलेला दुसरा सेन्सर, आणि तिरक्या सेन्सरला बबल काही सांगत नाही. मीही दहा मिनिटं त्या बबलवर समाधान मानून उभा होतो, खोटं कशाला बोलू.

मग क्रमाने केलं, तुम्हीही याच क्रमाने करा. आधी त्यांच्या सेन्सरची काच डिस्टिल्ड पाण्याने पुसली, आकडा जेमतेम ८-९ वॅटने वर गेला, म्हणजे धूळ हा मुद्दा नाही. लॉगरमध्ये, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या यंत्रात, टाकलेला सेन्सिटिव्हिटीचा आकडा, ज्याने सेन्सरच्या सिग्नलचे वॅट होतात, तो सर्टिफिकेटशी आणि सेन्सरच्या नंबरशी जुळवला, बरोबर निघाला (सेन्सर बदलून जुना आकडा तसाच ठेवलेले प्लांट मी पाहिलेत). मग माझा कॅलिब्रेट केलेला पायरॅनोमीटर त्यांच्याच ब्रॅकेटवर शेजारी ठेवला, फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणजे सेन्सर चांगला. मग माझा उचलून पॅनलच्या टेबलवर सपाट टेकवला, आणि भर दुपारी निरभ्र आकाशात मला ८७० दिसतायत, त्यांना ८४०.

कोनमापक लावला. टेबल २० अंश, ब्रॅकेट १५ अंश. नट ढिला होता, मुद्दाम केलं की वाऱ्याने घसरलं माहीत नाही, मला वाद घालायची ताकद नव्हती. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, साक्रीला दुपारी जेमतेम ४५ अंशांवर, त्यामुळे सेन्सर पाच अंश चपटा झाला की थेट ऊन दुपारी साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी मोजलं जातं. विखुरलेल्या उजेडात तेवढा फरक पडत नाही म्हणून एकूण तीन-साडेतीन. जूनमध्ये हाच ब्रॅकेट उलट जास्त ऊन दाखवेल, म्हणजे टेस्ट हिवाळ्यात घेतली ती कोणाच्या सोयीची ते बघा.

तिसऱ्या दिवशी दोन्ही सेन्सर दिवसभर चालवले. त्यांचा ५.६ युनिट प्रति चौरस मीटर, माझा ५.८. वीज २२,४०० युनिट. त्यांच्या हिशोबाने प्लांटचे ५००० किलोवॅट गुणिले ५.६ म्हणजे २८,००० पैकी २२,४००, ८० टक्के. माझ्या हिशोबाने २९,००० पैकी, ७७.२. हमीच्या खाली!

पण लगेच दंडाची नोटीस काढू नका. चांगल्या पायरॅनोमीटरच्याही आकड्यात टक्का-दीड टक्का अनिश्चितता असते आणि आपण हमीच्या खाली आहोत ०.८ ने, एवढ्यावर भांडलात तर हराल. मी मालकाला एवढंच लिहून दिलं की ब्रॅकेट दुरुस्त करून टेस्ट परत घ्या.

आणि कंत्राटदाराचा माणूस रेफरन्स सेल काढून "आपण यावर मोजू" म्हणाला तर आधी करार उघडा. रेफरन्स सेल पॅनलसारखाच सिलिकॉनचा, वरून सपाट काच, तिरक्या उन्हात पॅनलइतकाच मागे पडतो, त्यामुळे दिवसाची बेरीज बहुतेक वेळा पायरॅनोमीटरपेक्षा थोडी कमी येते आणि पीआर जास्त दिसतो. रोजच्या देखरेखीला मस्त यंत्र आहे, मला आवडतं. पण हमी पायरॅनोमीटरवर लिहिली असेल तर मधेच यंत्र बदलायला हो म्हणू नका.

दुसरा दिवस ढगात गेला, चहा आणि झोप, लिहिण्यासारखं काही नाही. परतीला तोच जीपवाला, या वेळी ७००, आणि तो हसतच होता.