खोडलेला सहा

मी दहावीत शाळेच्या वसतिगृहात राहत होतो, तेव्हा आमचे गणिताचे सर वसतिगृहाचे अधीक्षकही होते. दिवसभराचे तास, संध्याकाळचा अभ्यासवर्ग आणि रात्रीची हजेरी आटोपल्यावरच त्यांना उत्तरपत्रिका तपासायला बसता येई. सहामाही परीक्षेनंतर, त्यांनी दिलेल्या गुणांची बेरीज मुखपृष्ठावरील तक्त्याशी जुळते की नाही हे पडताळण्यासाठी ते मला शेजारी बसवत. त्यातील एक रात्र सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने येथे नोंदवावीशी वाटते, कारण उत्तरपत्रिका तपासणे म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळले.

गठ्ठा आठवीचा होता. मध्यरात्र उलटली होती, सरांचे डोळे लाल झाले होते आणि तेच ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचून त्यांचा हात यंत्रवत चालू लागला होता. दोन गुणांचा एक साधा प्रश्न होता : १६/६४ या अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्या. बहुतेकांनी १/४ लिहिले होते आणि सर बरोबरची खूण करून पुढे जात होते. काहींनी मात्र अंशातला ६ आणि छेदातला ६ सरळ खोडून १/४ मिळवले होते. अशांना सर शून्य देत होते, कारण बेरजेतला किंवा अंकांच्या मांडणीतला भाग असा खोडता येत नाही. अंश आणि छेद यांना एकाच संख्येने भागावे लागते.

मग एका उत्तरपत्रिकेवर त्यांचे लाल पेन थांबले. त्या मुलाने अंश आणि छेद यांना १६ ने भागून १/४ काढले होते आणि खाली बारीक अक्षरात लिहिले होते : ‘दोन्ही ६ खोडले तरी १/४ येते, पण ही रीत चूक आहे. १३/३९ मधले ३ खोडले तर १/९ येते, खरे उत्तर १/३ आहे. खोडून बरोबर उत्तर येणारे आणखी दोन मला सापडले : १९/९५ आणि २६/६५.’ पुढचे संपूर्ण पान कच्च्या गुणाकारांनी भरले होते आणि पेपरातील शेवटचे दोन मोठे प्रश्न तसेच कोरे राहिले होते.

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि कोरा कागद ओढला. अंशातील अंक अ आणि ब, छेदातील ब आणि क असे मानले, तर (१०अ + ब)/(१०ब + क) = अ/क असायला हवे; तिरकस गुणाकार करून आवरले की ९अक = ब(१०अ − क) उरते. अ = १ घेतला तर क = ४ असताना ब = ६ आणि क = ५ असताना ब = ९ येतो, म्हणजे १६/६४ आणि १९/९५. अ = २ घेतल्यावर २६/६५ मिळाला. अ = ४ पर्यंत आलो तेव्हा क = ८ आणि ब = ९ जुळले आणि ४९/९८ हा त्या मुलाला न सापडलेला चौथा अपूर्णांक आमच्या हाती आला. तिन्ही अंक सारखेच असलेले २२/२२ यांसारखे अपूर्णांक सोडले, तर दोन अंकी संख्यांत असे एवढे चारच आहेत.

यानंतर सरांचा चेहरा गंभीर झाला. ते म्हणाले, “अरे, प्रश्न मी काढला आणि चारांपैकीच एक अपूर्णांक निवडला. ज्यांनी फक्त उत्तर लिहिले, त्यांनी भागले की खोडले, हे मला कसे कळणार?” मला ही गोष्ट आजही फार मोलाची वाटते. चुकीच्या रीतीनेही बरोबर उत्तर देणारे उदाहरण परीक्षेत घातले, तर ज्याला येते आणि ज्याला येत नाही अशा दोघांनाही सारखेच गुण मिळतात.

त्या मुलाला सरांनी दोनपैकी दोनच गुण दिले. कोऱ्या प्रश्नांचे गुण भरून काढावेत असे मला वाटत होते आणि मी तसे बोलूनही दाखवले, परंतु सरांनी मान हलवली. गठ्ठ्यातील सर्वांना एकच माप लागले पाहिजे, हा त्यांचा नियम होता. समासात मात्र त्यांनी चौथा अपूर्णांक लिहिला आणि खाली ती समीकरणाची ओळ पूर्ण मांडून दाखवली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला त्यांनी आठवीच्या फळ्यावर १३/३९ लिहून सर्वांना अतिसंक्षिप्त रूप द्यायला सांगितले, असे मला आठवीतल्या मुलांकडून कळले. सहामाहीत नुसते १/४ लिहून पूर्ण गुण मिळवलेल्यांपैकी कित्येकांच्या वहीत तेव्हा १/९ निघाले. सरांनी सहामाहीचे गुण कोणाचेही कमी केले नाहीत. तो पाठ मात्र भाजकापासून पुन्हा शिकवला. वार्षिक परीक्षेच्या पेपरात त्या जागी २६/६२ होता आणि शेजारी कंसात सूचना होती : ‘कोणत्या संख्येने भागले ते लिहा.’