आमची वाटचाल: ऑनलाइन खातं बंद पडलं तेव्हा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची छोटी फर्म आहे. टॉवेल आणि चादरी हा आमचा धंदा. स्वतःचे माग नाहीत. सूत आम्ही घेतो आणि ठरलेल्या कारखानदारांकडे जॉबवर्कला देतो. विणून आलेल्या मालाची शिलाई, तपासणी आणि पॅकिंग आमच्या शेडमध्ये होतं. २०२० पर्यंत सगळा माल पुण्या-मुंबईच्या होलसेलवाल्यांना जायचा. लॉकडाऊनमध्ये त्यांची दुकानं बंद पडली, तेव्हा धाकट्या भावाने एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत खातं उघडलं. चार वर्षांत निम्म्याहून जास्त विक्री तिथून होऊ लागली. मग दिवाळीनंतर एका सकाळी ते खातं निलंबित झालं.

माल वेळेत न पाठवणं, ऑर्डर रद्द करणं, अशा कारणांनी खाती बंद पडतात हे आम्हाला ठाऊक होतं. ते आकडे आम्ही रोज बघायचो. दोषी ऑर्डरींचं प्रमाण १ टक्क्याच्या आत, उशिरा पाठवणी ४ टक्क्यांच्या आत, रद्द केलेल्या ऑर्डरी अडीच टक्क्यांच्या आत, असे त्या बाजारपेठेचे नियम होते आणि आम्ही तिन्हींत बसत होतो. नोटिशीत कारण वेगळंच होतं: एका टॉवेलच्या अस्सलपणाबद्दल ग्राहकांच्या तक्रारी आल्या आहेत. भाऊ संतापला. सोलापुरात बसून सोलापुरी टॉवेल विकणाऱ्याला नकली म्हणतात म्हणजे काय!

पण या नोटिशीचा अर्थ ‘तुम्ही नकली माल विकता हे सिद्ध झालं’ असा नसतो. ग्राहकांनी परतीच्या कारणात ‘ओरिजिनल नाही’, ‘फोटोसारखा नाही’ असं लिहिलेलं असतं आणि माल कुठून आला याचे कागद बाजारपेठेकडे नसतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की खातं थांबवतात. त्यामुळे उत्तरही दोन भागांत द्यावं लागतं. तक्रारी का आल्या हे एक, आणि मालाचा माग दाखवणारे कागद हे दुसरं.

त्या दिवशी आम्ही अपील पाठवलं नाही. आधी हातातल्या ऑर्डरी रवाना केल्या. खातं बंद झालं तरी आधी आलेल्या ऑर्डरींची जबाबदारी आपलीच असते आणि त्या अडकल्या की चांगले आकडेही बिघडतात. दुसरं म्हणजे, वहिनींच्या नावाने नवीन खातं काढायचा सल्ला चौघांनी दिला, तो ऐकला नाही. पत्ता, बँक खातं, फोन, अगदी एकच कॉम्प्युटर, यांवरून खाती जोडली जातात. निलंबित विक्रेत्याचं दुसरं खातं सापडलं की दोन्ही कायमची जातात. आमचे पैसेही अडकले होते. करारात ९० दिवसांपर्यंत रक्कम रोखून धरायची मुभा त्यांना होती. सूतवाल्यांना फोन करून तारखा पुढे ढकलून घेतल्या.

मग परतीचा अहवाल उतरवून घेतला आणि कारणं एकेक करून वाचली. तक्रारी एकाच टॉवेलच्या होत्या, पांढरा, ७५ बाय १५० सेंटिमीटर, आणि जवळजवळ सगळ्या दिवाळीच्या आधीच्या ऑर्डरींवर. ‘पातळ आहे’, ‘मागच्या वेळी घेतला तसा नाही’, ‘डुप्लिकेट’. परत आलेले नग काट्यावर ठेवले आणि उलगडा झाला.

टॉवेलच्या वर्णनात आम्ही ४५० जीएसएम लिहिलं होतं, म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम. ७५ बाय १५० सेंटिमीटर म्हणजे १.१२५ चौरस मीटर. तेव्हा एक टॉवेल साधारण ५०६ ग्रॅम भरायला हवा. परत आलेले ४३० ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे ३८० जीएसएम. दिवाळीच्या गर्दीत आमच्या मागवाल्यांकडे जागा नव्हती, म्हणून दुसऱ्या कारखान्यातून ६०० तयार टॉवेल घेतले होते. त्यांच्या फासांची उंची कमी होती. धुऊन घडी घातल्यावर डोळ्याला फरक कळत नाही, पण अंग पुसणाऱ्याला कळतो.

कारण सापडल्यावर कागदांकडे वळलो, आणि खरी अडचण तिथे होती. त्यांनी गेल्या ३६५ दिवसांतली पुरवठादाराची बिलं मागितली होती. दुकानदाराला हे सोपं आहे, त्याने तयार माल घेतलेला असतो. आमच्याकडे टॉवेलचं खरेदी बिलच नव्हतं, सुताचं होतं. पहिल्या अपिलात आम्ही सुताची बिलं जोडली आणि ते ‘कागद मालाशी जुळत नाहीत’ म्हणून परत आलं. तपासणाऱ्याच्या बाजूने बघा. त्याच्यासमोर टॉवेल आहे आणि बिलावर सूत लिहिलंय. शिवाय सुताची काही बिलं वडिलांच्या नावावर होती आणि ऑनलाइन खातं फर्मच्या नावावर.

दुसऱ्या वेळी आम्ही एका पानाचा तक्ता केला. पहिल्या ओळीत सुताचं खरेदी बिल, दुसऱ्या ओळीत ते सूत मागवाल्याकडे पाठवलं त्याचं डिलिव्हरी चलन, तिसऱ्या ओळीत मागवाल्याचं विणाईचं बिल, चौथ्या ओळीत आमच्याकडे शिलाई होऊन तयार झालेले नग. प्रत्येक ओळीला कागदाचा क्रमांक, तारीख आणि किलो किंवा नग. जीएसटीसाठी ही चलनं ठेवावीच लागतात, त्यामुळे फाइलमध्ये सगळं होतंच. फक्त एका दोरीत ओवलेलं नव्हतं. बाहेरून घेतलेल्या ६०० टॉवेलचं बिल स्वतंत्र जोडलं. नावाचा घोळ जीएसटी नोंदणी प्रमाणपत्राने सुटला, कारण प्रोप्रायटर फर्म असेल तर त्यावर मालकाचं कायदेशीर नाव आणि फर्मचं व्यापारी नाव दोन्ही छापलेली असतात. बिलांवरचे दर झाकले तरी चालतात. पुरवठादाराचं नाव, पत्ता, फोन, तारीख आणि नग मात्र झाकायचे नाहीत, कारण ते फोन करून पडताळतात. कोटेशन किंवा प्रोफॉर्मा बिल चालत नाही.

पत्र आम्ही इंग्रजीत पाठवलं. त्याचा मजकूर मराठीत असा होता:

विषय: विक्रेता खातं पुन्हा सुरू करण्याबाबत. पांढरा टेरी टॉवेल, ७५ × १५० सें.मी.

तक्रारींचं कारण: ऑक्टोबरमध्ये आम्ही ६०० टॉवेलचा एक लॉट बाहेरच्या उत्पादकाकडून घेतला. त्याचं वजन ३८० जीएसएम होतं, वर्णनात ४५० जीएसएम आहे. बाहेरचा लॉट वजन न करता त्याच वर्णनाखाली विक्रीला लागला. ग्राहकांना मिळालेली वस्तू वर्णनाशी जुळत नव्हती.

आजवर केलेली कारवाई: त्या लॉटचे २१२ नग विकले गेले. उरलेले ३८८ विक्रीतून काढले असून आमच्याकडे वेगळे ठेवले आहेत. त्या लॉटच्या ज्या ग्राहकांनी तक्रार केली, त्यांना पूर्ण परतावा दिला आहे. लॉटचं बिल आणि आमच्या नेहमीच्या उत्पादनाचे सूत ते टॉवेल असे क्रमवार कागद सोबत जोडले आहेत.

यापुढची व्यवस्था: प्रत्येक लॉटमधले १० टॉवेल वजन करून नोंद होईल. ४८० ग्रॅमच्या खालचा लॉट या वर्णनाखाली लागणार नाही. प्रत्येक पाकिटावर लॉट क्रमांक असेल. बाहेरून घेतलेला तयार माल वेगळ्या वर्णनाखाली विकला जाईल. जबाबदारी: पॅकिंग सुपरवायझर.

एवढंच पत्र. शेडमध्ये किती बायका कामाला आहेत, बँकेचा हप्ता किती, दिवाळीत ग्राहक कसे वागतात, हे भावाने आधीच्या मसुद्यात लिहिलं होतं, ते काढलं. वाचणाऱ्याला ते खरं वाटलं तरी त्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही. ‘यापुढे काळजी घेऊ’ हे वाक्यही काढलं. काळजी मोजता येत नाही, ४८० ग्रॅम मोजता येतात. अपील खात्यातल्याच बटणावरून एकदा पाठवायचं आणि उत्तराची वाट बघायची. रोज नवा ईमेल टाकला की आधीची फाइल कुणाकडे आहे हे त्यांनाही कळेनासं होतं.

मधल्या काळात ‘आतला माणूस आहे, उद्या खातं चालू’ म्हणणारे व्हॉट्सअ‍ॅपवर बरेच आले. एकाने तर टॉवेलची ‘तयार बिलं’ पुरवायची तयारी दाखवली. बिल खोटं निघालं की खातं कायमचं जातं, आणि जीएसटीचा गुन्हा वेगळा मानगुटीवर बसतो. वकिलांनाही विचारलं. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम तक्रार ४८ तासांत नोंदवायला आणि महिन्यात निकाली काढायला सांगतात, पण ते ग्राहकाच्या तक्रारीसाठी आहेत, आपण विक्रेते. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळावेत हा कायदा माल विकत घेणाऱ्याला लागतो, आणि बाजारपेठ म्हणते आम्ही घेणारे नाही, मधले आहोत. त्यामुळे करारातला लवाद हाच रस्ता उरतो, तो आमच्या रकमेला परवडणारा नाही, असं त्यांचं मत पडलं. आम्ही कागदांच्याच मागे लागलो आणि दुसरं अपील मान्य झालं.

आता शेडच्या दारात एक इलेक्ट्रॉनिक काटा आहे. मागवाल्यांना आधी राग आला होता. त्यांच्यातले एक अण्णा म्हणाले, “वीस वर्षं माल देतोय, आता वजन करून घेणार काय?” मग त्यांनीच एक सोय सुचवली, दर लॉटच्या विणाईच्या बिलावर लॉट क्रमांक टाकायचा. त्यामुळे तो तक्ता आता आपोआप तयार होतो. दर सोमवारी भाऊ परतीची कारणं वाचतो. आकडे तो रोज बघतोच, पण आम्हाला बुडवलं ते आकड्यांनी नव्हे, शब्दांनी. ‘डुप्लिकेट’, ‘वापरलेला’, ‘वेगळा’ यांतला कुठलाही शब्द एका वस्तूवर दोनदा दिसला की ती वस्तू विक्रीतून थांबवून काट्यावर जाते. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करण्याचा अर्जही आम्ही केला, कारण वर्णनात ‘सोलापुरी’ लिहिल्यावर उद्या त्याचाही कागद कुणी मागेल.

खातं चालू झालं, रोखलेली रक्कमही टप्प्याटप्प्याने आली. पांढऱ्या टॉवेलचं जुनं पान मात्र उघडलं नाही. त्यावरचे चार वर्षांचे अभिप्राय गेले, नव्या पानावर शून्यापासून सुरुवात करावी लागली. ३८८ टॉवेल अक्कलकोट आणि तुळजापूरच्या लॉजवाल्यांनी घेतले. त्यांना ३८० जीएसएमच बरे पडतात, लवकर वाळतात म्हणून. त्यांची दुसरी ऑर्डर आली तेव्हा हलका टॉवेल वेगळ्या नावाने आणि खऱ्या वजनाने आम्ही कायमचा चालू केला.